नाव तेच, खुलासा मराठीत

रोममधल्या कुठल्याही साध्या त्रात्तोरियाचं मेन्यूकार्ड उघडलं, की ‘प्रीमी’ या मथळ्याखाली चार नावं बहुधा सापडतातच: काच्यो ए पेपे, ग्रीच्या, आमात्रिच्याना आणि कार्बोनारा. ही पुस्तिका अशा कार्डांचं इंग्रजी आणि मराठी कसं करावं याविषयी आहे. त्यातल्या नोंदी वर्णानुक्रमानं लावल्या आहेत, त्यामुळे कोणतीही नोंद कुठूनही उघडता येईल. प्रस्तावनेत मात्र मी एकाच नावापाशी बराच वेळ थांबणार आहे, आणि ते म्हणजे काच्यो ए पेपे. या पदार्थात जिन्नस तीनच: पास्ता, चीज, मिरी. जिन्नस इतके कमी असले की भाषांतर करणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. एक शब्द चुकला तर पदार्थाचा तिसरा हिस्सा चुकतो.

इंग्रजी कार्डांवर याचं भाषांतर सर्रास ‘पास्ता विथ चीज अँड पेपर’ असं केलेलं असतं. कोशाच्या दृष्टीनं त्यात खोट काढता येणार नाही. पण गिऱ्हाईक कोश खात नाही. ‘काच्यो’ हा चीजसाठीचा मध्य आणि दक्षिण इटलीतला जुना शब्द. प्रमाण इटालियनमध्ये चीजला ‘फोर्माज्यो’ म्हणतात. रोमच्या स्वयंपाकघरात या पदार्थापुरता काच्योचा अर्थ एकच, पेकोरीनो रोमानो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं, महिनोन्‌महिने मुरवलेलं, कडक आणि चांगलंच खारट चीज. नुसतं ‘चीज’ वाचल्यावर इंग्रजाच्या डोळ्यांपुढे चेडर येतं आणि आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे टोस्टवर किसायचा पिवळा क्यूब. दोघांनाही पुढ्यात आलेली बशी खारट लागते आणि दोघंही स्वयंपाक्याला नावं ठेवतात.

दुसरा शब्द ‘पेपर’. इंग्रजीत हा एकच शब्द काळ्या मिरीलाही चालतो, ढोबळी मिरचीलाही आणि तिखट मिरचीच्या काही जातींनाही. इटालियनमध्ये तिन्हींना वेगळी नावं आहेत: पेपे, पेपेरोने आणि पेपेरोन्चीनो. मराठीतही तिन्ही वेगळी आहेत: मिरी, ढोबळी मिरची, मिरची. म्हणजे इटालियनमधून थेट मराठीत आलं तर गोंधळाला वावच नाही. तो इंग्रजीच्या वाटेनं आलं की होतो. याचा सर्वांत नेहमीचा बळी म्हणजे ‘पेपेरोनी’. अमेरिकेत पेपरोनी म्हणजे मसालेदार सॉसेजच्या चकत्या. इटलीत ‘पेपेरोनी’ हे पेपेरोनेचं अनेकवचन, म्हणजे ढोबळ्या मिरच्या. इटालियन कार्डावर पेपेरोनीचा पिझ्झा दिसला की शाकाहारी माणूस तो टाळतो आणि सॉसेजच्या आशेनं मागवणाऱ्याला भाजी मिळते. म्हणून या पुस्तिकेतली एकही मराठी नोंद इंग्रजी नोंदीवरून केलेली नाही. दोन्ही स्वतंत्रपणे मूळ इटालियनवरून केल्या आहेत, आणि काम सोपवणाऱ्या प्रत्येक हॉटेलवाल्याकडे भाषांतरकारानं हाच हट्ट धरावा.

जाता जाता: पेपे हा शब्द लॅटिन आणि ग्रीकमार्गे मुळात आपल्याकडूनच गेलेला आहे. संस्कृतातली पिप्पली, मराठीतली पिंपळी, हा त्याचा उगम. पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनच्या काळात रोमच्या फोरमजवळ खास मिरी आणि मसाल्यांसाठी कोठारं बांधली होती. तरीही पेपेचं भाषांतर पिंपळी करायचं नाही. पिंपळी वेगळी, मिरी वेगळी, आणि या बशीत असते ती काळी मिरी.

आता मूळ प्रश्न. नावाचं भाषांतर करायचं की नाही? माझं उत्तर: नाही. नाव तसंच ठेवायचं, देवनागरीत नीट लिहायचं आणि त्याखाली एक ओळ खुलाशाची द्यायची. याचं कारण संस्कृतीबिंस्कृतीचं नसून अगदी व्यवहाराचं आहे. नाव हे तोंडानं उच्चारायचं असतं आणि खुलासा डोळ्यांनी वाचायचा असतो. पर्यटकानं वेटरला ‘चीज-मिरी पास्ता’ म्हटलं तर वेटरला काही कळणार नाही. बिलावर मूळ नाव छापलेलं असतं, शेजारच्या टेबलावरचा माणूस तेच नाव घेत असतो, आतून आवाजही त्याच नावानं येतो. आपल्याकडच्या तारांकित हॉटेलात थालीपिठाचं ‘मल्टिग्रेन पॅनकेक’ झालेलं पाहून जो वैताग येतो, तोच रोमन माणसाला काच्यो ए पेपेचं ‘चीज अँड पेपर’ वाचून येतो, आणि त्या वैतागात तथ्य आहे. थालीपीठ मागायला आलेल्याला कार्डात ते सापडतच नाही.

पण कार्डावरची प्रत्येक ओळ काही नाव नसते. ‘पाताते आल फोर्नो’ म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे. ‘इन्सालाता मिस्ता’ म्हणजे मिश्र सॅलड. ही वर्णनं आहेत, त्यांचं सरळ भाषांतर करावं. नाव कोणतं आणि वर्णन कोणतं हे ओळखायची माझी कसोटी अशी: कृतीवरून दोन रोमन माणसं भांडू शकतील का? भाजलेल्या बटाट्यांवरून कोणी भांडत नाही. काच्यो ए पेपेवरून भांडण थेट वकिलातीपर्यंत जातं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘गुड फूड’ या ब्रिटिश संकेतस्थळावरच्या कृतीत लोणी आणि पार्मेझान चीज दिसलं, तेव्हा कॉन्फेझेर्चेंती या इटालियन व्यापारी महासंघाच्या रेस्टॉरंटवाल्यांच्या शाखेनं रीतसर निषेध केला आणि रोममधल्या ब्रिटिश राजदूतालाही कळवलं. हे वाचून हसू येईल. पण लोणी घातलेली ती बशी वेगळ्या पदार्थाची होते, आणि नाव तेच राहिलं तर नाव निरुपयोगी होतं, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता.

खुलाशाची ओळ टेबलाशी बसून लिहिता येत नाही. आधी स्वयंपाकघरात जाऊन दोन-तीन गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली, पास्ता कोणता. काच्यो ए पेपे स्पगेटीचंही करतात आणि तोन्नारेल्लीचंही. तोन्नारेल्ली दिसायला जाडसर, चौकोनी स्पगेटीसारखी, पण ती बहुधा ताजी असते आणि तिच्या पिठात सहसा अंडं असतं. सुक्या स्पगेटीत नसतं. इटलीच्या १९६७ च्या कायद्यापासून साधा सुका पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच करावा लागतो. अंडं घातलं तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन हॉटेलांत, एकाच नावाखाली, एका बशीत अंडं आहे आणि दुसरीत नाही. इंग्रजी वाचकांपैकी ॲलर्जीवाला सोडला तर कोणाला त्यानं फरक पडत नाही. मराठी वाचकांपैकी कित्येकांना ही पहिली माहिती हवी असते.

दुसरी गोष्ट, सॉस कसा होतो. ही विचारायची कारण इंग्रजी कार्डावर इथे हटकून ‘क्रीमी’ हा शब्द येतो, आणि तो मराठीत ‘क्रिमी’ म्हणून उतरला की वाचणारा क्रीम घातलंय असं समजतो. क्रीम यात थेंबभरही नसतं. मिरी जाडसर भरडून कोरड्या तव्यात वास सुटेपर्यंत परततात आणि तीवर पास्ता उकडत असलेल्या पाण्यातलं पळीभर पाणी घालतात. पास्ता मुद्दाम बेताच्या पाण्यात उकडायचा, म्हणजे त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो आणि पाणी पिठूळ होतं. पेकोरीनो अगदी बारीक किसून, कोमट झालेल्या त्याच पाण्यात कालवून त्याची पेस्ट करतात. पास्ता मिरीच्या पाण्यात घालून आच बंद करायची, जरा निवू द्यायचं, मग पेस्ट घालून भराभर हलवायचं. चीज, पाणी आणि स्टार्च एकजीव होऊन पास्त्याला धरून राहतं.

आच बंद न करता चीज घातलं तर काय होतं हे ज्यानं हा पदार्थ घरी केलाय त्याला ठाऊक आहे. चीजमधली प्रथिनं आवळली जातात, त्यांचे रबरी गोळे होतात आणि बशीच्या तळाशी पाणी साचतं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटानं यावर रीतसर प्रयोग करून २०२५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. त्यांच्या निष्कर्षाचा आपल्या कामापुरता भाग असा, की पुरेसा स्टार्च नसेल तर साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चीजच्या गुठळ्या होतात, आणि चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो. जेवणाऱ्याला थर्मामीटर नको. काट्याला ओढल्यावर चीजचे दोरे येत असतील आणि बशीत पाणी सुटलं असेल, तर पदार्थ बिघडला आहे. तो मूळ तसाच असतो असं समजून गप्प बसू नये.

मग ‘क्रीमी’ला मराठीत काय म्हणायचं? आपल्या स्वयंपाकघरात यासाठी नेमका शब्द आहे: मिळून येणं. आमटी मिळून आली, पिठलं मिळून आलं, असं आपण म्हणतो, तेव्हा पाणी वेगळं आणि डाळ वेगळी दिसत नाही हेच सांगायचं असतं. काच्यो ए पेपेत घडतं ते हेच. इंग्रजीत असा सुटसुटीत शब्द नसल्यानं तिथे ‘क्रीमी’ टाळून, सॉस चीज आणि पास्त्याच्या पाण्याचा आहे असं सरळ सांगावं.

तिसरी गोष्ट, चीज कोणतं. ही सगळ्यांत नाजूक. पेकोरीनो रोमानोला १९९६ पासून युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षण आहे. नाव ‘रोमानो’ असलं तरी ते लात्सियो, तस्कनीतला ग्रोस्सेतो जिल्हा आणि सार्डिनिया इथेच बनवता येतं, आणि त्यातलं बहुतेक सार्डिनियात बनतं. त्याच्या नियमावलीत दूध कशानं साकळायचं हेही लिहिलेलं आहे: कोकराच्या जठरापासून काढलेल्या रेनेटनं. पार्मिज्यानो रेज्यानोसाठी ते वासराच्या जठराचं असतं. या दोन चीजमध्ये वनस्पतिज रेनेट चालतच नाही. ते वापरलं तर ते नाव लावता येत नाही. म्हणजे अस्सल काच्यो ए पेपेमध्ये मांस नाही, मासे नाहीत, कांदा नाही, लसूण नाही, स्पगेटी घेतली तर अंडंही नाही, आणि तरीही कडक शाकाहारी किंवा जैन माणसाला ते चालणार नाही.

इटालियन वेटरला ‘हे व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारलं तर तो ‘हो’ म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. त्याच्या भाषेत शाकाहारी म्हणजे ज्यात मांस-मासे नाहीत ते. दूध कशानं साकळलं हा प्रश्न त्याला कोणी सहसा विचारलेला नसतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या सहलींचे टूर लीडर ही गोष्ट जाणतात, पण बसमधल्या चाळीस जणांना ती जेवणाच्या वेळी समजावून सांगणं कठीण. कार्डावरची एक ओळ ते काम करते. उलट पुण्या-मुंबईतल्या एखाद्या इटालियन रेस्टॉरंटात मायक्रोबियल रेनेटचं, भारतात बनवलेलं चीज वापरत असतील, तर तेही लिहायला हवं. त्यानं पदार्थाचा अस्सलपणा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक निःशंकपणे जेवेल. मी दुसऱ्या गोष्टीला अधिक मोल देतो.

हे सगळं जमेला धरून तयार झालेली मराठी नोंद अशी:

काच्यो ए पेपे
स्पगेटी. मेंढीच्या दुधाचं मुरलेलं, खारट चीज पास्त्याच्या पाण्यात मिळवून केलेला दाटसर सॉस आणि भरडलेली काळी मिरी. क्रीम, लोणी, अंडं, कांदा-लसूण नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट.

इंग्रजी नोंद याहून आखूड आहे. तीत मेंढीचं दूध, चीजचं नाव, काळी मिरी आणि ‘क्रीम नाही’ एवढंच येतं. कांदा-लसणाचा उल्लेख इंग्रजीत केला तर वाचणारा बुचकळ्यात पडेल, की कांदा असायला हवा होता की काय. दुसरीकडे ग्लुटेन, दूध, अंडं यांचे आकडे इंग्रजी कार्डावर हवेतच, कारण युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे, आणि बरीच हॉटेलं ती पदार्थापुढे आकडे घालून देतात. सांगायचं काय, तर एकाच पदार्थाच्या इंग्रजी आणि मराठी ओळी सारख्या असण्याची गरज नाही. हॉटेलवाला दोन्ही ओळी मोजून बघतो आणि मराठी लांब का, असं विचारतो. त्याला सांगावं, की मराठी माणूस जेवायच्या आधी जास्त प्रश्न विचारतो.

आता नाव देवनागरीत कसं लिहायचं याविषयी. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचणारे याला कासियो, कॅशिओ, काकिओ असं काहीही म्हणतात. इटालियनमधला उच्चार जवळपास ‘काचो’, त्यातला च ‘चहा’तला. पण मराठीत ‘काचो’ असं लिहिलं की आपली जीभ ‘काच’ या शब्दातल्या दंततालव्य च कडे वळते, आणि तसा उच्चार केला तर तो इटालियनमधल्या एका अस्सल रस्त्यावरच्या शिवीच्या फार जवळ जातो. बायकापोरांसह जेवायला बसलेल्या गृहस्थानं मोठ्यानं ती मागवावी असं कोणालाच वाटणार नाही. म्हणून या पुस्तिकेत सर्वत्र ‘काच्यो’ असं लिहिलं आहे. ‘च्य’ लिहिलं की मराठी माणूस आपोआप चहातला च उच्चारतो. ग्रीच्या, आमात्रिच्याना, ग्वान्च्याले, फोर्माज्यो या रूपांमागचं कारण हेच. पुढे इ किंवा ए असेल तिथे ही भीती नसते, त्यामुळे ‘फेत्तुच्चीने’ साधंच लिहिलं आहे. हिंदी कार्डावरून मराठी कार्ड उतरवून घेणाऱ्यांना ही अडचण दिसणारच नाही, कारण हिंदीत च एकच आहे.

जोडाक्षरांच्या बाबतीत देवनागरी रोमन लिपीहूनही चोख आहे. इटालियनमध्ये दुहेरी व्यंजन खरोखरच दुहेरी उच्चारतात. ‘पेन्ने’ हा पास्त्याचा प्रकार; ‘पेने’ म्हटलं तर शरीराच्या एका अवयवाचं नाव होतं. ब्रुस्केत्ता, न्योक्की, ताल्यातेल्ले हे शब्दही देवनागरीत लिहिले की उच्चार आपोआप बरोबर येतो. मात्र पिझ्झा, पास्ता, स्पगेटी हे शब्द मराठीत रुळले आहेत. त्यांना हात लावलेला नाही. ‘पित्सा’ असं छापून कोणाला शहाणपण शिकवण्याचा उद्देश नाही.

काच्यो ए पेपे नीट समजलं की उरलेली तिन्ही नावं सोपी होतात, कारण ती एकाच घरातली आहेत. काच्यो ए पेपेत ग्वान्च्याले घातलं की ग्रीच्या. ग्रीच्यात टोमॅटो घातला की आमात्रिच्याना. टोमॅटोऐवजी अंड्याचा बलक घातला की कार्बोनारा. इतिहास या क्रमानं घडला असा दावा मी करत नाही. कार्बोनाराची कागदोपत्री नोंद दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. पण कार्ड वाचणाऱ्याला हा क्रम फार उपयोगी पडतो, आणि म्हणून चारही खुलाशांचे शब्द मी जाणूनबुजून सारखे ठेवले आहेत. एका ओळीतून दुसऱ्या ओळीकडे गेल्यावर नेमकं काय वाढलं ते लगेच दिसावं.

यातली खरी अडचण ग्वान्च्यालेची. ग्वान्च्या म्हणजे गाल. ग्वान्च्याले म्हणजे डुकराच्या गालाचं चरबीदार मांस, मीठ आणि मिरी लावून काही आठवडे वाळवलेलं. याच शब्दाचा दुसरा अर्थ उशी असा आहे, आणि नुसता कोश पाहून भाषांतर करणाऱ्यांनी पास्त्यात उशी घातल्याची उदाहरणं ऐकिवात आहेत. इंग्रजीत त्याला सरसकट ‘बेकन’ म्हणतात. बेकन हे पोटाकडचं किंवा पाठीकडचं मांस आणि बहुधा धुरी दिलेलं असतं. ग्वान्च्यालेला धुरी नसते. धुरीचा वास आमात्रिच्यानात उतरला तर रोमन माणूस बशी परत पाठवेल. मराठीत मी ‘खारवून वाळवलेलं पोर्क, गालाकडचं’ असं लिहिलं आहे. ‘डुकराचं मांस’ हे बरोबर असलं, तरी मुंबई-गोव्याच्या मेन्यूकार्डांवर ‘पोर्क’ हाच शब्द चालतो. मटणाला आपण ‘बकऱ्याचं मांस’ असं कार्डावर लिहीत नाही, मग इथेच का लिहायचं? खाणाऱ्याला शिसारी येऊ नये आणि न खाणाऱ्याला फसवलं जाऊ नये, दोन्ही गोष्टी ‘पोर्क’नं साधतात.

काही नावांचा अर्थ सांगणंच घातक असतं. ‘मारीनारा’ हे नाव समुद्रावर जाणाऱ्यांवरून आलं, पण नेपल्सच्या मारीनारा पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढंच असतं. मासा नाही, चीजही नाही. ‘सी-फूड पिझ्झा’ असं भाषांतर केलं की ज्या शाकाहारी माणसानं तो डोळे मिटून मागवायला हवा, तोच त्याच्यापासून पळतो. तस्कनीतल्या ‘फाज्योली आल्लुच्चेल्लेत्तो’ या नावात छोटे पक्षी आहेत, बशीत मात्र टोमॅटो आणि सेज पानांत शिजवलेला पांढरा घेवडा असतो. ‘स्त्रोत्साप्रेती’ या पास्त्याच्या नावाचा अर्थ पाद्र्यांचा गळा घोटणारा. गमतीदार आहे, पण कार्डावर त्याची जागा नाही. वेटरला सांगायला एक गोष्ट राहू द्यावी.

मथळ्यांकडेही थोडं लक्ष हवं. ‘प्रीमी’चं इंग्रजीत ‘फर्स्ट कोर्स’ होतं आणि आपल्याकडचा माणूस त्याला स्टार्टर समजून बशी सहा जणांत वाटून खायला मागवतो. स्टार्टर म्हणजे ‘आन्तिपास्ती’. प्रीमी हा पास्ता किंवा भाताचा, एका माणसाचा पुरा पदार्थ. त्यानंतरच्या ‘सेकोन्दी’त मांस किंवा मासा एकटाच येतो, सोबत भाजी हवी तर ती ‘कोन्तोर्नी’मधून वेगळी मागवावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे पडतात. म्हणून मराठी कार्डावर मी ‘प्रीमी: पास्ता आणि भात’, ‘सेकोन्दी: मांस आणि मासे’, ‘कोन्तोर्नी: भाज्या, वेगळ्या मागवाव्या’ असे मथळे दिले आहेत. पदार्थापुढे तारा छापलेला असेल तर तळटीप शोधावी, बहुधा तो जिन्नस फ्रोझन आहे असं तिथे लिहिलेलं असतं. ही तळटीप भाषांतरात गाळायची नाही, हॉटेलवाल्यानं कितीही विनवलं तरी.

पुस्तिका हातात घेऊन इटलीला निघालेल्या वाचकांसाठी शेवटी एवढंच. अंडं चालत नसेल तर आधी पास्त्याचं नाव पाहा: स्पगेटी, पेन्ने, रिगातोनी हे सहसा अंड्याविना असतात, तोन्नारेल्ली, फेत्तुच्चीने, ताल्यातेल्ले मागवण्यापूर्वी विचारा. रेनेट चालत नसेल तर काच्यो ए पेपेचा नाद सोडा, टोमॅटोची ‘स्पगेटी आल पोमोदोरो’ मागवा, आणि मागवतानाच ‘सेन्त्सा फोर्माज्यो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगा. न सांगितल्यास वरून पार्मिज्यानो किसून येण्याची शक्यता मोठी आहे.